तोंड किती उघडतं?

मेडिकलच्या काउंटरवर दाढदुखीचं गिऱ्हाईक आलं की सगळं बोलणं दुखतंय किती, या एकाच गोष्टीभोवती फिरतं. गालावर तळहात दाबून माणूस सांगतो, "सहन होत नाही, काहीतरी जोराचं द्या." त्या शब्दांवर औषध ठरतं. फार ठणकत असेल तर भारी गोळी आणि सोबत अँटिबायोटिक, थोडं दुखत असेल तर साधी गोळी. डॉक्टरकडे जायचं की नाही, हेही त्याच मापानं ठरतं. असह्य झालं तर जाऊ, उतरलं तर राहू दे. घराघरांत हाच हिशेब चालतो आणि खरं सांगायचं तर आम्ही औषधविक्रेतेही बराच काळ त्याच हिशेबानं चालत आलो आहोत. या धंद्यात चेहऱ्याच्या आणि दातांच्या दुखण्याचं जे काही बघायला आणि शिकायला मिळतं, त्यावरून माझं ठाम मत झालं आहे की हा हिशेब चुकीचा आहे, आणि काही वेळा घातक आहे. दुखण्याचा जोर आणि त्यातला धोका ही दोन निरनिराळी मापं आहेत. ती बरोबर चालत नाहीत, पुष्कळदा एकमेकांच्या उलट जातात. म्हणून काउंटरवर आधी विचारायला हवं ते वेगळंच: तोंड किती उघडतं, थुंकी गिळता येते का, सूज कुठे आहे, आणि शेवटची गोळी कधी घेतली.

हे असं का, ते समजायला दाताच्या आत काय घडतं हे पाहावं लागतं. दाताच्या मधोमध एक पोकळी असते आणि तीत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ गर असतो. कीड तिथवर पोचली की गर सुजतो, पण भोवती सगळीकडून कठीण भिंती असल्यामुळे त्याला फुगायला जागा नसते. दाब आतल्या आत वाढतो आणि माणूस कळवळतो. थंड पाणी लागलं की कळ येते आणि घोट गिळून झाल्यावरही ती जात नाही. रात्री आडवं पडलं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि ठणकाही वाढतो. या गरातल्या तंतूंना वेदना कळते, जागा नीट कळत नाही. म्हणून रुग्ण कधी वरची दाढ दाखवतो, कधी खालची, कधी कान दुखतो म्हणतो, कधी कानशील. दाताची सर्वांत जास्त रडवणारी अवस्था बहुधा हीच. पण या वेळी आजार दाताच्या आतच कोंडलेला असतो. दोन-तीन दिवसांत दंतवैद्याकडे जायलाच हवं, पण आज रात्री जिवाला धोका नसतो.

पुढे काय होतं ते जास्त महत्त्वाचं आहे. काही दिवसांनी हा गर मरतो. मेलेल्या तंतूंना दुखत नाही, त्यामुळे एकाएकी बरं वाटतं आणि रुग्ण दंतवैद्याची वेळ रद्द करतो. जंतू मात्र मुळाच्या टोकातून बाहेर पडतात. मुळाभोवतीच्या पातळ पडद्यातल्या तंतूंना जागाही कळते आणि दाबही कळतो. म्हणून आता दात लांब झाल्यासारखा वाटतो, त्यावर चावलं की कळ येते आणि रुग्ण नेमकं बोट ठेवून दाखवतो. पू हाडात अडकलेला असेपर्यंत पुन्हा जोराचा ठणका असतो. हाड फोडून तो बाहेरच्या मऊ भागात उतरला की दाब सुटतो, ठणका कमी होतो आणि सूज दिसू लागते. माणूस म्हणतो, "कालपेक्षा बरं आहे, फक्त गाल सुजलाय." त्याच्या दृष्टीनं ही सुधारणा असते. प्रत्यक्षात आजारानं याच घडीला हाडाचं कुंपण ओलांडलेलं असतं.

तो आता कुठे जाणार हे दात कोणता यावर अवलंबून असतं. जिभेचा तळ तोलून धरणारा एक स्नायू जबड्याला आतल्या बाजूनं चिकटलेला असतो. खालच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दाढेची मुळं बहुधा त्या स्नायूच्या रेषेखाली उतरतात. तिथून निघालेला पू तोंडात न येता जबड्याखालच्या जागेत शिरतो, आणि ती जागा गळ्याला लागून आहे. दोन्ही बाजूंना सूज पसरली तर जीभ वर आणि मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट अरुंद होते. विल्हेल्म फ्रेडरिख फॉन लुडविग या जर्मन वैद्यानं 1836 मध्ये या अवस्थेचं वर्णन केलं आणि ती आजही त्याच्याच नावानं ओळखली जाते. अँटिबायोटिक येण्याआधी या आजाराचे निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आता बहुतेक वाचतात, पण वेळेत रुग्णालयात पोचले तर. यात मृत्यू येतो तो मुख्यतः श्वास कोंडून, दुखण्याच्या जोराचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

आता एक संवाद डोळ्यांसमोर घेऊ. शनिवारची रात्र, आठ वाजलेले. पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ दुकानात येतात. हातात पट्टीचा कापलेला तुकडा, दोन रिकामे खळगे, आणि नाव छापलेला भाग दुसऱ्याच कोणाकडे राहिलेला.

"ताई, ही गोळी द्या. आणि मेव्हण्याला दाढेसाठी दिलेलं ते पाच दिवसांचं अँटिबायोटिकपण द्या."

"देते बघून. काका, आधी सांगा, कुठली दाढ?"

"खालची, शेवटची, उजवीकडची. तीन रात्री झोप नव्हती. आज जरा उतरलंय, पण हे बघा, इथे फुगलंय." त्यांचं बोट गालावर नाही, जबड्याच्या हाडाखाली जातं.

"तोंड उघडा बरं. तुमचीच तीन बोटं उभी दातांमध्ये जातात का?"

ते प्रयत्न करतात. दोनच जातात, तीही जेमतेम.

"आधीपासून असंच आहे? गुटखा, सुपारी?"

"छे. परवा वडापाव खाल्ला की व्यवस्थित."

"थुंकी गिळताना?"

"दुखतं. जेवलोच नाही आज."

"ताप?"

"नाही."

"ही गोळी कधी घेतली?"

"चार वाजता असेल."

"साखरेची, बीपीची काही औषधं चालू आहेत?"

"दोन्ही. साखरेच्या सकाळी घेतल्या, रात्रीची आता घेईन."

इथवर दीड-दोन मिनिटं गेली असतील. यातल्या प्रत्येक उत्तरातून काय कळतं ते सावकाश पाहण्यासारखं आहे. "आज जरा उतरलंय" आणि "फुगलंय" हे दोन्ही एकाच दमात आलं, म्हणजे पू हाडाबाहेर पडल्याची शक्यता. दाढ खालची शेवटची, सूज हाडाखाली, म्हणजे वर सांगितलेली गळ्याजवळची जागा. निरोगी प्रौढाचं तोंड साधारण 35 ते 50 मिलिमीटर उघडतं. स्वतःची तीन बोटं उभी जातात, एवढं माप काउंटरवर पुरतं. दोनच जात असतील तर चावण्याच्या स्नायूंपर्यंत दाह पोचला आहे आणि सूज आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला आहे. बाहेरून गाल थोडाच सुजलेला दिसला तरी हे माप फसवत नाही. मात्र आपल्याकडे ते एका बाबतीत फसवू शकतं, म्हणून गुटख्याचा प्रश्न. सुपारी आणि गुटखा वर्षानुवर्षं चघळणाऱ्यांच्या तोंडातली त्वचा ताठर होत जाते आणि तोंड हळूहळू उघडेनासं होतं. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, पण अशी तोंडं आजही समोर येतात. तेव्हा किती उघडतं यापेक्षा कधीपासून उघडत नाही हे विचारायचं. परवा उघडत होतं आणि आज उघडत नाही, तर ते आज रात्रीचं काम आहे. वर्षभरात कमी होत गेलं असेल तर तेही तपासायलाच हवं, कारण या ताठर तोंडात पुढे कर्करोग होऊ शकतो, पण ती तपासणी ठरवून, येत्या काही दिवसांत करता येते.

तापाच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं, तरी ते गोळीच्या प्रश्नानंतरच खरं-खोटं ठरतं. दुखण्यावरच्या ज्या मिश्र गोळ्या सर्रास विकल्या जातात, त्यांत एक दाहशामक आणि सोबत पॅरासिटामॉल असतं. दोन्ही ताप उतरवतात. चार वाजता गोळी घेतलेल्या माणसाला आठ वाजता ताप नसणं याला काही अर्थ नाही. थंडी वाजली का, काल रात्री अंग तापलं का, घाम येऊन कपडे ओले झाले का, असं विचारलं तर खरं काय ते कळतं. साखरेचं औषध हा इथला सर्वांत अवघड भाग आहे. आत पू असला की साखर वाढते आणि वाढलेल्या साखरेत जंतू फोफावतात. उलट, दिवसभर न जेवलेल्या माणसानं ग्लिमेपिराइडसारखी गोळी सवयीनं घेतली तर साखर एकदम खाली जाऊ शकते. तोंड दुखतं म्हणून न जेवणारा मधुमेही असा दोन्ही बाजूंनी अडकलेला असतो. दुकानात ग्लुकोमीटर असेल तर सुई टोचून बघावी. समजा, या काकांची 310 निघाली. मग उरलीसुरली शंकाही राहत नाही.

फार्मासिस्टनं काकांना सांगायचं ते थोडक्यात आणि सरळ: "काका, हे सोमवारपर्यंत थांबण्यासारखं नाही. आत्ताच मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, जिथे दातांचे सर्जन बोलावता येतात. गाडी तुम्ही चालवू नका, कोणाला तरी सोबत घ्या." मेव्हण्याचं अँटिबायोटिक द्यायचं नाही. पट्टीतली गोळीही द्यायची नाही, कारण बीपीच्या काही औषधांबरोबर, पाणी कमी प्यायलेल्या मधुमेही माणसाच्या मूत्रपिंडाला ती त्रास देते. पॅरासिटामॉल 650 ची एक गोळी घोटभर पाण्याबरोबर घेता येईल. चार वाजताच्या गोळीत बहुधा 325 मिलिग्रॅम होतंच. दिवसाची कमाल मर्यादा चार ग्रॅमची, सडपातळ माणसाला किंवा रोज दारू घेणाऱ्याला त्याहून कमी, आणि काका त्या मर्यादेपासून दूर आहेत. रात्रीची साखरेची गोळी तिथल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. यापुढे एक काम उरतं, आणि मला ते औषध देण्याइतकंच मोलाचं वाटतं. पावतीच्या मागे चार ओळी लिहून द्यायच्या: खालची उजवी शेवटची दाढ, जबड्याखाली सूज, तोंड दोन बोटं, परवापर्यंत पूर्ण उघडत होतं, गिळताना दुखतं, साखर 310 रात्री आठ वाजता, चारला मिश्र गोळी, आठला पॅरासिटामॉल, चालू औषधं अमुक. अपघात विभागातल्या गर्दीत "दाढ दुखते" म्हणणारा माणूस मागे राहतो. "दोन दिवसांत तोंड उघडेनासं झालं" हे वाचलं की तिथला डॉक्टर त्याला पुढे घेतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो की अँटिबायोटिक दिलं असतं तर सूज उतरली असती, कित्येकांची उतरते, मग एवढी धावपळ कशाला? सूज काही वेळा उतरते, हे खरं आहे. पण मेलेल्या गरात रक्तपुरवठाच उरलेला नसतो, त्यामुळे औषध जंतूंच्या मुक्कामी पोचत नाही. बाहेर सांडलेला भाग थोडा आवरतो, उगम तसाच राहतो आणि काही आठवड्यांनी तेच दुखणं परत येतं. या आजाराचा खरा उपचार म्हणजे दात उघडून आतली घाण काढणं, पू वाहून जायला वाट करणं किंवा दात काढणं. गर नुसता सुजलेला असतानाच्या ठणक्यावर तर अँटिबायोटिकचा उपयोगच दिसत नाही. यावर कोक्रेन संस्थेनं केलेल्या आढाव्यात निकषांत बसणारा एकच प्रयोग सापडला, चाळीस रुग्णांचा. त्यात वेदनाशामकासोबत पेनिसिलिन घेणाऱ्यांना आणि खोटी गोळी घेणाऱ्यांना दुखण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. चाळीस रुग्ण म्हणजे पुरावा लहान आहे, हे मान्य. पण तो शरीररचनेशी जुळतो, आणि अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेनं 2019 च्या मार्गदर्शनात हेच म्हटलं आहे की दातावर प्रत्यक्ष उपचार होऊ शकत असेल तिथे अशा बहुतेक दुखण्यांत अँटिबायोटिक देऊ नये. ताप किंवा पसरती सूज असेल तर ते लागतंच, पण तेव्हा उपचारासोबत आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर. कायदाही हेच सांगतो. अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडॅझोल ही अनुसूची एच मधली औषधं आहेत. सेफिक्झिमसारखी काही त्याहून कडक एच-वन मध्ये आहेत, जी मार्च 2014 पासून लागू झाली आणि जिच्यातल्या औषधांच्या विक्रीची वेगळी नोंद तीन वर्षं जपावी लागते. पण कायद्याची भीती हे माझ्या म्हणण्याचं मुख्य कारण नाही. पाच दिवसांच्या त्या पाकिटानं रुग्णाला उपचार सुरू झाल्याचं समाधान मिळतं, आणि त्या समाधानात हातातले नेमके दोन दिवस निघून जातात.

दुखण्याचा जोर फसवतो तो दुसऱ्या टोकालाही. चेहऱ्याचं सर्वांत भयंकर दुखणं म्हणून वैद्यकात ज्याची गणना होते, ती ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूची सणक. गालात किंवा जबड्यात एकाच बाजूला विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते, काही सेकंद टिकते आणि जाते. तोंड धुताना, दात घासताना, दाढी करताना, वाऱ्याची झुळूक लागली तरी ती येते. अशा माणसाला काउंटरवर ओळखायचं ते त्याच्या बोलण्याच्या पद्धतीवरून. तो गालावर हात दाबून धरत नाही, गालाला हातच लावू देत नाही. बोलता बोलता मध्येच थबकतो. दाढेचा ठणका तासन्‌तास चालतो, याची सणक झटक्याझटक्यानं येते. दाढेचा रुग्ण रात्री जागतो, हा बहुधा झोपू शकतो. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या त्याला लागू पडत नाहीत, म्हणून तो आणखी जोराची मागत राहतो. पुष्कळांचे चांगले दात या दुखण्यापायी काढले जातात आणि सणक तशीच राहते. यावरचं मुख्य औषध कार्बामाझेपिन. ते चिठ्ठीशिवाय देण्याचं नाही, आणि त्याला सबळ कारण आहे. काही जणांत, विशेषतः आशियाई वंशात आढळणारा एक जनुकीय प्रकार असलेल्यांत, त्यानं कातडी सोलून निघण्यापर्यंतची प्रतिक्रिया येऊ शकते. रक्तातलं सोडियमही ते उतरवतं. म्हणजे दुखणं असह्य, पण घाई आज रातोरातची नाही. काही दिवसांत मेंदूरोगतज्ज्ञाकडे पोचणं पुरे. रुग्ण तरुण असेल किंवा गालाला बधिरपणा असेल तर मात्र लवकर, कारण मग मज्जातंतूवर दाब देणारं दुसरं काही आहे का ते पाहावं लागतं.

बधिरपणाचा धडा महाराष्ट्रानं 2021 मध्ये फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे, लोकांच्या भाषेत काळ्या बुरशीचे, रुग्ण येऊ लागले आणि अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक गावोगाव फिरले. मधुमेह आणि स्टेरॉइड एकत्र आलेल्यांना ती जास्त झाली. त्यातल्या कित्येकांची पहिली तक्रार दाताची किंवा गालाची होती: वरची दाढ हलते, पण कीड नाही, गाल दुखतो, मग दुखायचा थांबतो आणि बधिर होतो. ही बुरशी रक्तवाहिन्या बंद करते आणि त्या भागातलं मांस आणि हाड मरतं. मेलेल्या भागाला दुखत नाही, म्हणून इथेही "उतरलं" या शब्दाचा अर्थ उलटाच निघतो. लाट ओसरली, पण बुरशी आणि मधुमेह दोन्ही इथेच आहेत. साखर वाढलेला माणूस वरच्या जबड्याचं दुखणं, गालाचा बधिरपणा, नाकातून काळपट स्राव, डोळ्याभोवती सूज किंवा एकाचं दोन दिसणं यांपैकी काहीही सांगत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय.

आणि काही वेळा दुखणं तोंडाचं नसतंच. जिना चढताना, पिशव्या उचलताना जबडा जड होतो, थांबलं की मोकळा होतो. दात ठोकून पाहिला तर काही नाही, थंड-गरमाचा संबंध नाही. हृदयाला रक्त कमी पडल्याचं दुखणं जबड्यात उमटू शकतं, आणि छातीत काहीही न होता उमटू शकतं, विशेषतः बायकांमध्ये आणि मधुमेही माणसांमध्ये. ते बहुधा सणकत नाही. माणूस "दुखतंय" म्हणतानाही अडखळतो, "कसंतरी होतंय" म्हणतो. सोबत घाम, मळमळ किंवा दम असेल तर दातासाठी एकही गोळी न देता 108 ला फोन करावा. दुखण्याच्या जोरावर ठरवलं असतं, तर या माणसाचा क्रम सर्वांत शेवटी लागला असता.

दुसरा आक्षेप आमच्याच व्यवसायातून येतो: आपण डॉक्टर नाही, इतके प्रश्न विचारणं म्हणजे निदान करणं, आणि उद्या चुकलं तर जबाबदारी कोणाची? निदान करू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. वरच्या काकांना फार्मासिस्टनं आजाराचं नाव सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. कुठे जायचं आणि कधी, एवढंच ठरवलं. औषध देण्याआधी रुग्णाला इतर आजार कोणते, चालू औषधं कोणती हे विचारणं आणि समुपदेशन करणं तर 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनीच आमच्याकडून अपेक्षिलेलं आहे. उलट काही न विचारता "दाढदुखीची गोळी" काढून देणं, हेच न सांगता केलेलं निदान आहे. त्यात आपण गृहीत धरलेलं असतं की दुखणं दाढेचं आहे, साधं आहे आणि थांबू शकतं. जबाबदारी तेव्हाही येतेच, फक्त ती कोणाला दिसत नाही.

गर्दीच्या वेळी दोन मिनिटं कुठून आणायची, ही अडचण खरी आहे आणि तिला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणेन की सगळे प्रश्न सगळ्यांना विचारावे लागत नाहीत. "तीन बोटं जातात का, आणि थुंकी गिळता येते का" हे दोन आधी. दोन्हींची उत्तरं ठीक असतील, सूज नसेल आणि साखरेचं औषध चालू नसेल, तर पुढचं बोलणं लहान होतं. याहून मोठी अडचण वेगळीच असते. दुकानात येतो तो पुष्कळदा रुग्ण नसतो. मुलगा येतो, शेजारी येतो, "बाबांनी दाढेच्या दोन गोळ्या सांगितल्यात" म्हणतो. तेव्हा घरी फोन लावून रुग्णाशीच बोलावं. आवाज हीसुद्धा तपासणीच आहे. तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसा घोगरा, कोंडलेला आवाज ऐकू आला तर सूज जिभेच्या तळाशी किंवा घशात आहे असं धरून चालावं, मग पलीकडून माणूस कितीही "फारसं नाही हो" म्हणत असो.

सर्वांत जड आक्षेप गावाकडचा आहे. दंतवैद्य तालुक्याला, सर्जन जिल्ह्याला, रात्री एसटी नाही, आणि रूट कॅनालचा खर्च ऐकूनच माणूस गोळीवर दिवस काढतो. "डॉक्टरकडे जा" हे दोन शब्द शहरात सल्ला असतात, खेड्यात बहुतेक वेळा पाठ फिरवणं ठरतं. म्हणून तर निवड महत्त्वाची आहे. सगळ्यांनाच घाबरवून पाठवलं तर लोक एकदा जातील, खर्च करतील आणि पुन्हा आपलं ऐकणार नाहीत. ज्याचा गर सुजला आहे पण बाहेर सूज नाही, ताप नाही, तोंड उघडतं, त्याला योग्य मात्रेत पॅरासिटामॉल देऊन, लवंगतेलाचा बोळा नीट कसा ठेवायचा ते सांगून, आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याला दाखवायला सांगणं रास्त आहे. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवू नये, हिरडी भाजते, हेही सांगावं. शक्य असेल तिथे दात काढण्याचा पर्याय समोर ठेवावा. तो स्वस्त आहे, जिल्हा रुग्णालयात आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत अगदी कमी खर्चात होतो, आणि पू झालेल्या दाताचा तो पुरा उपचार आहे. रातोरात पाठवण्याचा आग्रह मोजक्याच लोकांसाठी राखला तर तो ऐकला जातो.

तरीही एखादा जात नाही. "सोमवारी बघू" म्हणतो, किंवा पुढच्या दुकानातून तेच पाकीट घेतो. त्याला अडवता येत नाही आणि त्याच्याशी वाद घालूनही उपयोग नसतो. पॅरासिटामॉल द्यावं. बाहेरून शेकू नये असं सांगावं. बॉलपेननं सुजेच्या कडेवर एक रेघ ओढून वेळ लिहावी, म्हणजे दोन तासांनी सूज रेघेपलीकडे गेली का ते घरच्यांना दिसेल. आणि सोबत आलेल्या माणसाला, स्कूटरवर थांबलेल्या बायकोला किंवा मुलाला, वेगळं बोलावून सांगावं: "सूज रेघ ओलांडून गळ्याकडे आली, आवाज बदलला, लाळ गिळता न येता बाहेर गळू लागली, किंवा आडवं पडलं की गुदमरून ते उठून बसायला लागले, यांतलं एक जरी झालं तर सकाळची वाट बघू नका, दुखतंय किती तेही विचारू नका. 108 लावा, बसवूनच न्या, झोपवू नका."